शून्यातून न जाणारी रेषा

साध्या लंबकाचं जर्नल कसं असतं ते मला डोळे मिटून सांगता येईल. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काढलेली आकृती : स्टँड, बुचाचे दोन अर्धे तुकडे, त्यांच्यात धरलेला दोरा, खाली पितळी गोळा, आणि तुटक रेषांनी दाखवलेली त्याच्या झोक्याची दोन टोकं. उजवीकडे उद्देश, साहित्य, सूत्र. मग रीडिंग्जचा तक्ता, मग आलेख, मग चौकटीत g = ९.८१. शेवटी घ्यावयाची काळजी, आणि तीत 'पंखा बंद ठेवावा' हे वाक्य हमखास. आमच्या प्रयोगशाळेतले पंखे ऑक्टोबरात बंद केले तर लंबकाआधी मुलंच डोलायला लागतील, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि तपासणाऱ्यालाही.

अशी चाळीस जर्नलं एका रात्रीत संपवायची म्हणजे जेवणं उरकून, ओटा आवरून, दहाच्या पुढे टेबल मोकळं झालं की बसायचं. सगळ्यांना तपकिरी कव्हर, सगळ्यांवर नाव आणि रोल नंबरचं लेबल. पहिली चार-पाच मी नीट वाचते. पुढे वाचणं थांबतं आणि हात चालत राहतो : आकृतीवर टिक, तक्त्यावर टिक, आलेखावर सही. मध्यरात्र जवळ आली की अक्षरं बदलतात एवढंच जाणवतं, मजकूर एकच असतो.

एका गटाची रीडिंग्ज सारखी असली तर मी काही म्हणत नाही. पाच मुलांना मिळून एक स्टँड आणि एक स्टॉपवॉच असतं. एकाने मोजायचं, एकाने बटण दाबायचं, उरलेल्यांनी लिहून घ्यायचं. पाच वह्यांत एकच तक्ता असणार, त्यात लबाडी नाही. पण आठ स्टँड आणि आठ हात असताना आठही तक्ते एकच निघाले, तर लंबकापेक्षा झेरॉक्सचा संशय जास्त घ्यावा लागतो.

त्या रात्रीच्या तक्त्यात वीस आंदोलनांना लागलेला वेळ असा होता. ४० सेंटिमीटर लांबीला २५.३७ सेकंद, ६० ला ३१.०८, ८० ला ३५.८९, १०० ला ४०.१२. आमची स्टॉपवॉच जुन्या तबकडीची आहेत. काटा सेकंदाचा दहावा भाग दाखवतो, त्याखालचं काही दाखवतच नाही. ४०.१२ मधला शेवटचा दोन त्या घड्याळात दिसणं शक्य नाही, तो कॅल्क्युलेटरमध्ये दिसतो. g ला ९.८१ धरा, लांबी एक मीटर घ्या, सूत्र उलटं चालवा, वीसने गुणा : बरोबर ४०.१२. उत्तरापासून निघून रीडिंगपर्यंत पोचण्याच्या या वाटेला मुलं 'रीडिंग आणणं' म्हणतात. सीनियरच्या जर्नलमधून ही रीडिंग्ज ज्युनियरकडे येतात, आणि मूळ कॅल्क्युलेटर कुणाचा होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

दशांशाची ही चूक त्यांनी टाळली असती, ४०.१ लिहिलं असतं, तरी पकडणं अवघड नव्हतं. गोळा मधल्या खुणेवरून जाताना डोळ्याने पाहायचं आणि अंगठ्याने बटण दाबायचं यात सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाची गफलत प्रत्येकाची होते, कधी अलीकडे, कधी पलीकडे. चाळीस सेकंदांत ०.२ सेकंदांची गफलत म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून g मध्ये तोच एक टक्का होतो, म्हणजे ०.१. तेव्हा आठ गटांनी खरोखर मोजलं असतं तर उत्तरं ९.६ पासून ९.९ पर्यंत पसरली असती, एखादं दहालाही टेकलं असतं. सगळी ९.७९ ते ९.८२ मध्ये दाटीने बसलेली पाहून माझा विश्वास उडतो. लंबक इतका नेमका असतो, पण अठरा वर्षांचा अंगठा नसतो.

आणि हे ९.८१ आमच्या गावचं नाहीच. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे आणि फिरतेही आहे, त्यामुळे g ध्रुवाकडे वाढतं आणि विषुववृत्ताकडे कमी होतं. पॅरिसला ते ९.८१ असतं. १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य ठरवलं, ते साधारण ४५ अंश अक्षांशाचं. आम्ही पुण्याच्या बाजूला साडेअठरा अंशांवर, शिवाय समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर. इथे g ९.७८ च्या जवळ आहे. आमच्या स्टॉपवॉचने ९.७८ आणि ९.८१ मधला फरक कळत नाही हे खरं. पण मग सगळा वर्ग न चुकता पॅरिसच्या बाजूलाच का झुकतो?

सत्तावीस नंबरचं जर्नल ढिगात खालच्या बाजूला होतं. आकृती वाईट होती. गोळा बटाट्यासारखा, स्टँड तिरका. मी टिक न करता पान उलटलं आणि हात थांबला, कारण तक्त्यात एक रीडिंग खोडलेलं होतं. जर्नल ही फेअर करायची वही. तिच्यात खोडाखोड चालत नाही अशी मुलांची ठाम समजूत आहे, व्हाइटनर त्यासाठीच असतो. हिने एकच आडवी रेघ मारली होती आणि खालचा आकडा स्वच्छ वाचता येत होता : ४० सेंटिमीटर, २७.४ सेकंद. शेजारी बारीक अक्षरात, 'मध्ये बोलले, मोजणी चुकली. परत घेतलं.' त्याखाली २६.१.

पुढची रीडिंग्ज ३१.६, ३६.४, ४०.६. सगळी एकाच दशांशापर्यंत. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीचा g काढलेला : ९.२७, ९.४९, ९.५४, ९.५८. सरासरी ९.४७. आणि जिथे बाकीच्यांनी 'यावरून सूत्राचा पडताळा येतो' असं लिहिलं होतं, तिथे हिने इंग्रजी सोडून मराठीत लिहिलं होतं :

'माझं उत्तर पुस्तकाएवढं येत नाही. प्रत्येक लांबीला वेगळं येतं आणि लांबी वाढवली की वाढत जातं. ६० चं रीडिंग दोनदा घेतलं, दोन्ही वेळा ३१.६ आलं. गटातल्यांनी ३१.१ लिहायला सांगितलं, पण ते आलं नव्हतं म्हणून मी लिहिलं नाही. लांबी आम्ही बुचापासून गाठीपर्यंत मोजली. आलेख शून्यातून जायला पाहिजे, माझा जात नाही. ओढून नेला नाही. घड्याळ पुढे जात असेल असं वाटतं, पण नक्की कळलं नाही.'

मी ते दोनदा वाचलं, लाल पेन खाली ठेवलं आणि पेन्सिल घेतली.

आधी खोडलेला आकडा पाहिला. बोलण्याच्या नादात एखादं आंदोलन मोजायचं राहून गेलं असेल, तर ती वीस म्हणाली तेव्हा खरी एकवीस झाली असणार. २७.४ भागिले २१ म्हणजे १.३०५. तिचं परत घेतलेलं रीडिंग २६.१ भागिले २० म्हणजेही १.३०५. रद्द केलेलं रीडिंगसुद्धा त्याच लंबकाचं खरं रीडिंग होतं, फक्त त्याच्यावरचं लेबल चुकलं होतं. व्हाइटनर लावला असता तर हे कधीच कळलं नसतं.

मग घड्याळाचा तिचा संशय. घड्याळ पुढे जात असतं, तर ते प्रत्येक रीडिंगमध्ये सारख्याच टक्क्यांनी पुढे गेलं असतं आणि चारही g सारख्याच टक्क्यांनी कमी आले असते. मोजणीचंही तसंच. मुलं गोळा सोडताना 'शून्य' म्हणायच्या ऐवजी 'एक' म्हणतात, मग वीसच्या जागी एकोणीसच आंदोलनं होतात आणि g जवळजवळ अकरा टक्क्यांनी फुगतो, पण सगळ्या ओळींत सारखाच. इथे तसं नव्हतं. ९.७८ च्या मानाने ४० सेंटिमीटरला तूट पाच टक्क्यांची होती आणि मीटरला दोन टक्क्यांची. लांबी वाढेल तशी टक्केवारी घटत जाते याचा अर्थ तूट लांबीतच आहे, आणि ती सेंटिमीटरमध्ये कायम आहे. चाळीसला पाच टक्के म्हणजे दोन सेंटिमीटर. शंभराला दोन टक्के म्हणजेही दोनच.

उत्तर तिने स्वतःच लिहून ठेवलं होतं : बुचापासून गाठीपर्यंत. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. गाठीच्या खाली हूक आहे, हुकाखाली गोळ्याची त्रिज्या आहे, आणि लंबक ते सगळं घेऊनच डोलतो. आपण ते मोजलं की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

यातली खरी गंमत आलेखात होती. आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर आवर्तकालाचा वर्ग. लांबी पुरती मोजली तर रेषा शून्यातून जाते. प्रत्येक लांबी दोन सेंटिमीटरने कमी मोजली, तर सगळे बिंदू दोन सेंटिमीटर डावीकडे सरकतात. अख्खी रेषा सरकते, पण तिचा चढ तसाच राहतो. आणि g येतं ते चढावरून. मी तिची पहिली आणि शेवटची नोंद घेतली. आवर्तकालांचे वर्ग १.७०३ आणि ४.१२१, फरक २.४१८. लांबीतला फरक ०.६ मीटर, आणि फरक घेताना न मोजलेले दोन सेंटिमीटर आपोआप वजा होऊन जातात. ४π² म्हणजे ३९.४८, त्याला ०.६ ने गुणून २.४१८ ने भागलं : ९.८०.

हे जादूसारखं वाटू नये म्हणून लगेच सांगते, ९.८० नेमकं येणं हे थोडं नशीब होतं. त्या घड्याळाने आणि चारच बिंदूंनी ९.७ आलं असतं किंवा ९.९ आलं असतं तरी मी तेवढीच खूश झाले असते. मुद्दा दशांशाचा नाही. तिच्या चुकलेल्या तक्त्यातून चूक कुठे आहे, केवढी आहे आणि ती बाजूला केली तर काय उरतं, हे तिन्ही बाहेर काढता आलं. एकोणचाळीस बरोबर तक्त्यांतून मला काहीच काढता येत नव्हतं. त्यांत जे घातलं होतं तेच परत मिळत होतं, म्हणजे ९.८१. त्यांच्या स्टँडचा दोरा किती लांब होता, गोळा केवढा होता, कुणाचा अंगठा मंद होता, यातलं काहीही त्या कागदावर उरलेलं नव्हतं. तिने रेषा ओढून शून्यात नेली असती तर चढ बदलला असता आणि g पुन्हा साडेनऊच्या आसपास येऊन बसला असता. म्हणजे 'ओढून नेला नाही' या तीन शब्दांवर सगळं टिकून होतं.

अशा न जुळणाऱ्या लंबकांना इतिहासात जागा आहे. १६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच खगोलवेत्ता दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला. मुख्य काम मंगळाच्या निरीक्षणांचं होतं. पॅरिसमध्ये सेकंदाला बरोबर लावलेलं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज दोन मिनिटांहून जास्त मागे पडू लागलं. लंबक पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास आखूड केला तेव्हा कुठे ते सेकंदाशी जुळलं. उकाड्याने धातू वाढला असेल, प्रवासात घड्याळ बिघडलं असेल, अशी एखादी सबब त्याला सहज पुरली असती. त्याने ती घेतली नाही. पुढचे महिने आठवड्यामागून आठवडे तेच माप घेत राहिला आणि जे येत होतं तेच लिहून पॅरिसला परतला. तिथल्या काही मोठ्या माणसांना ती त्याचीच चूक वाटली. पुढे १६८७ मध्ये न्यूटनने प्रिन्सिपियात तो फरक पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली असल्याचा पुरावा म्हणून वापरला. कायेनचं g ९.७८ आहे, जवळपास आमच्याइतकंच. रिशेला सीनियरचं जर्नल मिळालं असतं तर त्यात पॅरिसची लांबीच लिहिलेली असती.

सत्तावीस नंबरची तुलना मी रिशेशी करत नाही. त्याला काय येतंय हे पक्कं ठाऊक होतं, हिला नव्हतं. प्रामाणिक जर्नल म्हणजे चांगलं जर्नल असंही नाही. हिने गोळ्याचा व्यास घ्यायला हवा होता, व्हर्निअर शेजारच्याच टेबलावर होतं. आणि चारही ओळींत g एकाच दिशेने सरकतोय हे दिसल्यावर सरासरी काढायलाच नको होती. सरासरी हातांच्या थरथरीवर चालते, सगळ्या मापांत एकाच बाजूला बसलेल्या चुकीवर चालत नाही. उलट, ती चूक झाकून टाकते.

राहिला प्रश्न गुणांचा, आणि तो मला जास्त छळत होता. आमच्या विभागाची दहा गुणांची विभागणी ठरलेली आहे. त्यात उत्तराला दोन गुण आहेत आणि ते पुस्तकातल्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आत आलं तरच द्यायचे. ९.४७ साडेतीन टक्क्यांनी कमी, म्हणजे शून्य. आकृतीतही तिचा एक गुण जात होता. नियमाने चाललं तर चाळिसांत सगळ्यांत कमी गुण तिला पडणार होते, आणि कॅल्क्युलेटरवाल्यांना दहापैकी नऊ. मुलं रीडिंग का आणतात याचं उत्तर मग फार लांब शोधावं लागत नाही. पहिल्या वर्षाला आल्या आल्या त्यांना हा हिशेब कळतो आणि ती हुशार असतात. मी उत्तराचे दोन गुण दिले आणि समासात लिहिलं, 'चढावरून काढ. उद्या लॅबमध्ये भेट.' विभागप्रमुखांनी विचारलं तर काय सांगायचं ते नंतर पाहू म्हटलं. उरलेली जर्नलं त्या रात्री तपासली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती आली ती घाबरूनच. "मॅडम, परत लिहून आणू का?"

"लिहू नको. व्हर्निअर घे."

मामांनी कपाटातून त्यांच्या गटाचा गोळा काढून दिला. गोळ्यावर रंगाचा ठिपका होता, म्हणून ओळखता आला. तिने व्यास तीन ठिकाणी घेतला, मी न सांगता : २.५४, २.५४, २.५५. त्रिज्या १.२७ धरली. गाठ जिथे बसते तिथपासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतचं हूक ०.८. बेरीज २.०७ सेंटिमीटर. मग मी तिचाच आलेख तिच्यापुढे ठेवला आणि रेषा मागे वाढवायला सांगितलं. तिची रेषा आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जिथे मिळाली तिथे तिने घरं मोजली. दोन आणि वर थोडं. इतक्या लांबून मागे ओढलेल्या रेषेत अर्ध्या सेंटिमीटरची चूक सहज पोटात जाते, हे मी तिला सांगितलं, पण ती ऐकत नव्हती. एकदा आलेखाकडे आणि एकदा हातातल्या गोळ्याकडे बघत होती.

"म्हणजे कागदावरून गोळा केवढा आहे ते कळतं?"

"गोळा आणि हूक मिळून. वेगवेगळं नाही कळत."

मग तिने चढ काढला. ९.८० आल्यावर पेन उचललं. "मग आता ९.४७ खोडू?"

"खोडू नको. त्याच्या खाली लिही, कसं काढलं तेही लिही."

ती लिहीत असताना बाहेर बॅच गोळा झाली होती. जर्नलं कधी मिळणार म्हणून दोन-तीन जण दारातून डोकावून गेले. ती मध्येच थांबली.

"मॅडम, पण गाठीपर्यंत तर सगळ्यांनीच मोजलं होतं. आम्हाला शेजारच्या गटानेच तसं सांगितलं. मग त्यांची रेषा शून्यातून कशी गेली?"

"ते त्यांनाच विचारू," मी म्हटलं, आणि मामांना आठही स्टँड पुन्हा लावायला सांगितले.